पैसे कापले, जमाही झाले, मग कन्सिस्टन्सी वेगळी कशाला?

चतकोर

गुरुवारी आमची डीबीएमएसची ओरल आहे. नोट्समध्ये ट्रान्झॅक्शनच्या चार हमी दिल्या आहेत आणि चारही एकाच उदाहरणावर उरकल्या आहेत. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे पाठवायचे. अ‍ॅटॉमिसिटी म्हणजे कापणं आणि जमा करणं दोन्ही होणार, नाहीतर एकही नाही. कन्सिस्टन्सी म्हणजे दोन्ही खात्यांची बेरीज आधी होती तेवढीच नंतर. आयसोलेशन म्हणजे दोन व्यवहार एकमेकांत लुडबुड करणार नाहीत. ड्युरेबिलिटी म्हणजे लाइट गेली तरी झालेलं पुसलं जाणार नाही.

माझं घोडं दुसऱ्यावर अडलंय. दोन्ही कामं झाली तर बेरीज तेवढीच राहणार. एकही झालं नाही तरी तेवढीच राहणार. म्हणजे पहिली हमी मिळाली की दुसरी फुकटात मिळते. मग ती वेगळी मोजायची कशाला? वर्गात विचारलं तर "चार मार्कांना चार मुद्दे असतात" असं उत्तर मिळालं. एक्स्टर्नलने नेमकं हेच विचारलं तर काय सांगू?

मिसळसम्राट

आद्याक्षरं जुळवून 'अ‍ॅसिड' होतं ना? मग औषध सोपं आहे. सकाळी उपाशीपोटी तर्रीवाली मिसळ बंद कर.

कोडबहाद्दर

एवढा विचार करू नकोस. `BEGIN` आणि `COMMIT` यांच्या मध्ये सगळं टाकायचं, बाकीचं डेटाबेस बघतो. आठ वर्षं हिंजवडीत हेच करतोय, आजवर एक रुपया इकडचा तिकडे झालेला नाही. चारही हमी मिळून एकच गोष्ट आहे, ओरलसाठी तिचे चार तुकडे केलेत इतकंच.

गवळीसर

कोडबहाद्दर, विद्यार्थ्यांना असं सांगू नका. चतकोर, नोट्समधलं बरोबर आहे. व्यवहाराआधी १००० आणि २०० मिळून १२०० असतील तर नंतरही १२०० च असले पाहिजेत. ही बेरीज राखणं म्हणजे कन्सिस्टन्सी, आणि ती राखायची जबाबदारी डेटाबेसची. एक्स्टर्नलपुढे १२०० चं उदाहरण मांडलंस तर पूर्ण मार्क मिळतील.

रोजकीर्द

सर, नमस्कार. एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात माझी अठ्ठावीस वर्षं गेली, आता निवृत्त आहे. एकच विचारतो. बेरीज १२०० राहिली पाहिजे हे तुम्ही डेटाबेसला कुठे सांगितलंत?

टेबल बनवताना आपण सांगतो की खाते क्रमांक दोनदा यायला नको आणि शिल्लक शून्याखाली जायला नको. एवढं सांगितलं की डेटाबेस तेवढं राखतो. बेरजेबद्दल त्याच्या कानावर काहीच गेलेलं नसतं. चतकोरने प्रोग्राम लिहिताना ३०० कापले आणि चुकून ३००० जमा केले, तर दोन्ही ओळी पूर्ण होतील, कुठलाही नियम मोडणार नाही आणि `COMMIT` निमूटपणे होईल. अ‍ॅटॉमिसिटी शंभर टक्के पाळली जाईल आणि बँक २७०० रुपयांनी बुडेल.

चतकोर, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. पहिली हमी सांगते की तू जे लिहिलंस ते सगळं होईल किंवा काहीच होणार नाही. तू लिहिलंस ते बरोबर आहे का, याच्याशी तिला देणंघेणं नाही.

सुलभाकाकू

बरं झालं हा विषय निघाला. शनिवारी भाचीला चिंचवडला यूपीआयने २००० रुपये पाठवले. माझ्या खात्यातून लगेच गेले, तिच्याकडे आज सोमवार आला तरी नाहीत. बँकेत गेले तर म्हणतात, "थांबा, येतील." इथे तर लिहिलंय की दोन्ही होतील नाहीतर एकही नाही. मग माझं अर्धंच कसं झालं? हमी कुणाकडे मागायची?

बदलीग्रस्त

शीर्षक न वाचताच आलो. 'ट्रान्स्फर' दिसलं म्हणून वाटलं जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांवर धागा आहे. चालू द्या.

कोडबहाद्दर

@रोजकीर्द, प्रोग्रामच चुकीचा लिहिला तर देव पण वाचवणार नाही. बरोबर लिहिलेल्या प्रोग्रामबद्दल बोला. योग्य रक्कम, दोन्ही ओळी, वर `BEGIN` खाली `COMMIT`. यात काय बिघडतं ते दाखवा.

रोजकीर्द

दाखवतो. चतकोर, तूही हे दोन खिडक्या उघडून करून बघ, पाच मिनिटांचं काम आहे. तीन खाती घे. १०१ मध्ये १०००, १०२ मध्ये २००, आणि १०३ हे वीजबिलाचं खातं, त्यात शून्य. एकूण १२००. कोडबहाद्दरांच्या पद्धतीने १०१ मधून १०२ ला ३०० पाठवायचे आहेत:

```sql
BEGIN;
SELECT shillak FROM khate WHERE id = 101;
UPDATE khate SET shillak = 700 WHERE id = 101;
UPDATE khate SET shillak = shillak + 300 WHERE id = 102;
COMMIT;
```

हा ७०० चा आकडा प्रोग्रामने काढला. शिल्लक वाचली, १००० मिळाले, त्यातून ३०० वजा केले. नेमक्या त्याच क्षणी दुसऱ्या खिडकीत त्याच १०१ मधून ५०० चं वीजबिल जातंय. त्यानेही शिल्लक वाचली, पहिल्याचं `COMMIT` अजून व्हायचं असल्याने त्यालाही १००० च दिसले, म्हणून तो ५०० लिहायला निघाला. पहिल्याने ७०० लिहून `COMMIT` केलं. दुसरा तोवर कुलूप उघडायची वाट बघत होता. ते उघडताच त्याने ५०० लिहिले, १०३ मध्ये ५०० जमा केले आणि `COMMIT` केलं.

आता मोज. १०१ मध्ये ५००, १०२ मध्ये ५००, १०३ मध्ये ५००. एकूण १५००. तीनशे रुपये हवेतून आले. १०१ मध्ये खरे २०० उरायला हवे होते.

दोन्ही व्यवहार पुरे झाले, अर्धवट काही राहिलं नाही. शिल्लक शून्याखाली गेली नाही, म्हणजे सांगितलेला नियमही मोडला नाही. दोन्ही डिस्कवर पक्के लिहिले गेले. कुठेही एरर नाही. तरी हिशेब चुकला, कारण तिसरी हमी तू समजतेस तेवढी कडक मिळालेलीच नव्हती.

कोडबहाद्दर

हे होऊच शकत नाही. `BEGIN` केलं की आयसोलेशन लागू होतं. दुसऱ्याला कुलूप लागणार.

हडपसरची_मैना

कुलूप लागतं हो, पण लिहिताना. वाचताना नाही. दोघांनी वाचून झालं की घोळ झालेलाच असतो, कुलूप नंतर फक्त त्यांना ओळीने उभं करतं. आमच्याकडे कूपनच्या शिल्लकीत अगदी हेच झालं होतं. महिनाभर कुणाला कळलं नाही. एरर नसतेच ना, म्हणून लॉग चाळून काही सापडत नाही. शेवटी एकीने सगळ्या नोंदींची बेरीज शिल्लकीशी ताडून पाहिली तेव्हा कळलं. आता दर रात्री ती बेरीज ताडायचं काम आपोआप चालतं.

रोजकीर्द

मैनाताईंनी नेमकं सांगितलं. कोडबहाद्दर, तुमची समजूत निम्मी खरी आहे. आयसोलेशनच्या पायऱ्या असतात आणि तुम्ही काही न मागता मिळते ती खालची पायरी. पोस्टग्रेस आणि ओरॅकल न मागता 'रीड कमिटेड' देतात. त्यात दुसऱ्याचं अर्धवट काम तुम्हाला दिसत नाही, एवढंच. तुम्ही वाचलेला आकडा तुम्ही लिहीपर्यंत तसाच राहील याची त्यात हमी नाही.

उपाय दोन. एक म्हणजे वाचतानाच कुलूप लावायचं, `SELECT` च्या शेवटी `FOR UPDATE` लिहून. वीजबिलाचा प्रोग्रामही तसंच `FOR UPDATE` लिहून वाचत असेल तर तो वाचायलाच थांबेल आणि त्याला ७०० दिसतील. दुसरा उपाय मला जास्त आवडतो. आकडा प्रोग्राममध्ये आणायचाच नाही, वजाबाकी डेटाबेसलाच करायला सांगायची:

```sql
UPDATE khate SET shillak = shillak - 500
WHERE id = 101 AND shillak >= 500;
```

पेठी_पुणेकर

म्हणजे दुकानदाराला "गल्ल्यात ५०० करून ठेव" असं सांगायचं नाही, "गल्ल्यातून ५०० काढ" असं सांगायचं. एवढं साधं सांगायला तीन खाती उघडलीत.

रोजकीर्द

तुमचं वाक्य माझ्यापेक्षा चांगलं आहे, ओरलला हेच सांगावं.

मात्र या दुसऱ्या उपायात एक खड्डा आहे. शिल्लक ५०० पेक्षा कमी असेल तर ती ओळ एरर देत नाही. पडद्यावर `UPDATE 0` एवढंच येतं, म्हणजे एकाही ओळीत बदल झाला नाही. डेटाबेसच्या लेखी ते यशच. प्रोग्रामने तो शून्य तपासला नाही तर पुढची जमेची ओळ चालते, `COMMIT` होतं आणि न कापता जमा होतं. शून्य दिसला की `ROLLBACK` करायचं, हे तुम्ही लिहायचं.

मिसळसम्राट

न कापता जमा? कुठली शाखा? पत्ता द्या.

चतकोर

रोजकीर्दकाका, करून बघितलं! रूममेटच्या लॅपटॉपवर मायएसक्यूएल आहे, माझ्याकडे पोस्टग्रेस. दोन्हीकडे बेरीज खरंच १५०० आली, दोघी दोन मिनिटं बघतच बसलो.

मग नोट्समध्ये 'रिपीटेबल रीड' नावाची वरची पायरी आहे ती लावली. माझ्याकडे दुसऱ्या खिडकीने ५०० लिहायला नकार दिला:

```
ERROR:  could not serialize access due to concurrent update
```

पण रूममेटकडे तेच नाव असूनही काही तक्रार न करता पुन्हा १५००. तिच्याकडे तर ती पायरी मुळातच लावलेली होती म्हणे. एकाच नावाच्या दोन गोष्टी कशा?

हडपसरची_मैना

नावावर जाऊ नकोस. मायएसक्यूएलमध्ये न मागताही 'रिपीटेबल रीड' मिळते हे खरं. पण तिथे ती वाचण्यापुरती. पुन्हा वाचलंस तर जुनाच आकडा दाखवेल, आणि लिहायला गेलीस तर ताज्या ओळीवर निमूट लिहील. पोस्टग्रेस मात्र "तू वाचलंस त्यानंतर कुणीतरी हे बदललंय" असं म्हणून थांबवतो. आणि त्याने थांबवलं की काम संपत नाही. `ROLLBACK` करून अख्खा व्यवहार पहिल्यापासून पुन्हा चालवायचा, हे कोडमध्ये आपणच लिहायचं.

खतावणी

मी सीएकडे काम करते, प्रोग्रामिंगमधलं ओ की ठो कळत नाही, पण वाचून हसू आलं. शिल्लक खोडून नवी शिल्लक लिहायची ही पद्धत कुणी काढली? आमच्याकडे खोडाखोड हा गुन्हाच समजतात. एका खात्याला ३०० नावे, दुसऱ्याला ३०० जमा, अशी नोंद करायची. शिल्लक म्हणजे त्या नोंदींची बेरीज. कुणी एकाच वेळी दोन नोंदी केल्या तरी दोन्ही वहीत राहतात, कुणाची कुणावर चढत नाही.

रोजकीर्द

ताई, बँकेतही मूळ सत्य नोंदींचंच असतं. शिल्लकीचा आकडा आपला हाताशी असावा म्हणून ठेवतात, दर वेळी दहा वर्षांच्या नोंदींची बेरीज कोण करणार?

तुमच्या पद्धतीत ३०० रुपये हवेतून येणार नाहीत हे खरं. पण दुसरी चोरवाट उरते. खात्यात १००० आहेत. दोन जण एकदम ७००-७०० काढायला आले. दोघांनी नोंदींची बेरीज केली, दोघांना १००० दिसले, दोघांनी ७०० नावे टाकले. कुणी कुणाची ओळ बदललेली नाही, दोघांनी नवी ओळ घातली. त्यामुळे चतकोरला आली ती एररही येणार नाही. शिल्लक उणे ४००. इथे एकतर खात्याच्या ओळीवर आधी कुलूप लावावं लागतं, नाहीतर सगळ्यात वरची पायरी, 'सीरियलायझेबल', मागावी लागते. पोस्टग्रेस ती मागितली तर दोघांपैकी एकाला परत पाठवतो.

खतावणी

आमच्याकडे वही एकच आणि लिहिणारा एकच. म्हणून हा प्रश्न कधी आला नसावा.

सुलभाकाकू

माझ्या २००० चं कुणी काही सांगेल का?

हडपसरची_मैना

काकू, माफ करा, तुम्ही राहूनच गेलात. चतकोरच्या उदाहरणात दोन्ही खाती एकाच डेटाबेसमध्ये आहेत. तुमच्या बाबतीत तुमची बँक वेगळी, भाचीची वेगळी. प्रत्येकीचा डेटाबेस स्वतंत्र. तुमच्या बँकेत 'कापलं' हा एक पुरा व्यवहार झाला. भाचीच्या बँकेत 'जमा' हा दुसरा व्यवहार, तो व्हायचाय. मधला निरोप कुठेतरी अडकला की अर्धवट राहतं, आणि दोन्ही बँकांना एकदम `ROLLBACK` म्हणणारं कुणी नसतं. तिथे उलटी नोंद टाकून पैसे परत करतात.

हमी आहे, पण ती डेटाबेसची नाही, रिझर्व्ह बँकेची. सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे खात्यातून कापले आणि समोरच्याला जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आले पाहिजेत. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही तुम्ही न मागता. दुकानदाराला दिलेले असतील तर मुदत पाच दिवस. अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावरच तक्रार नोंदवा आणि व्यवहाराचा क्रमांक लिहून ठेवा.

सुलभाकाकू

क्रमांक आहे, वहीत लिहिलाय. मी तर परत एकदा २००० पाठवणार होते.

रोजकीर्द

थांबा, काकू! पहिले पोचले असतील आणि फक्त निरोप यायचा राहिला असेल तर ४००० जातील.

चतकोर, हे तूही ऐकून ठेव, कारण एकाच डेटाबेसमध्येही असं होतं. तू `COMMIT` पाठवलंस आणि उत्तर यायच्या आत नेटवर्क गेलं. झालं की नाही? डेटाबेसला माहीत आहे, तुला नाही. चार हमींपैकी एकही तुला हे सांगत नाही. म्हणून प्रत्येक व्यवहाराला आपणच आधी एक क्रमांक द्यायचा, तो नोंदींच्या टेबलात `UNIQUE` ठेवायचा आणि शंका आली तर त्याच क्रमांकाने पुन्हा पाठवायचं. आधीचं झालेलं असेल तर दुसरं क्रमांकावरच अडतं.

अंधारयात्री

लाइट गेली तरी पुसलं जात नाही, हे नेमकं कसं? आमच्या दुकानात बिलिंगचा कॉम्प्युटर यूपीएसशिवाय आहे. गेल्या पावसाळ्यात लाइट गेली आणि शेवटची दोन बिलं गायब.

रोजकीर्द

माझं इथलं नावच त्याचं उत्तर आहे. डेटाबेस खतावणीत लगेच लिहीत नाही. आधी रोजकीर्दीत ओळीने लिहितो की काय बदलायचंय, ते डिस्कवर उतरल्याची खात्री करतो आणि मगच तुम्हाला 'झालं' म्हणतो. खतावणीची पानं सावकाश बदलतात. मधेच लाइट गेली तर परत चालू होताना रोजकीर्द वाचून राहिलेलं उतरवून काढतो.

प्रत्येक `COMMIT` ला डिस्कपर्यंत जाणं वेळखाऊ असतं, म्हणून कुणीतरी वेगासाठी ती खात्री बंद करून ठेवतं. मायएसक्यूएल असेल तर `innodb_flush_log_at_trx_commit` हे किती आहे ते बघायला सांगा. १ असेल तर ठीक. २ किंवा ० असेल तर लाइट जाताना शेवटच्या सेकंदभराची बिलं जाऊ शकतात.

अंधारयात्री

बघितलं. २ आहे. ज्याने बसवून दिलं तो म्हणतो, "फास्ट चालावं म्हणून." दिवसाला साठ बिलं होतात आमची.

गवळीसर

दोन दिवस वाचतोय. माझं म्हणणं मी अर्धंच मागे घेतो. बेरीज डेटाबेसला सांगितलेली नसते हे मान्य. पण मग कन्सिस्टन्सी त्याच्या हमींत का मोजायची? मला तर आता ते अक्षर नुसतं शब्द जुळवायला घातल्यासारखं वाटू लागलंय.

रोजकीर्द

सर, उलट आहे. जिम ग्रे यांनी १९८१ च्या निबंधात ट्रान्झॅक्शनचे तीन गुण सांगितले, त्यात कन्सिस्टन्सी होतीच. तिचा अर्थ त्यांनी केला 'योग्य बदल', म्हणजे व्यवहार नियमाला धरून असावा. आयसोलेशन हे त्या तिघांत नव्हतं. १९८३ मध्ये हार्डर आणि रॉयटर यांनी चार गुण मोजून 'अ‍ॅसिड' हे नाव पाडलं. म्हणजे उपरं अक्षर असेल तर तिसरं.

माझ्या मते कन्सिस्टन्सी ही दोघांत वाटलेली गोष्ट आहे. नियम काय ते तुम्ही ठरवायचं आणि योग्य व्यवहार लिहायचा. तुम्ही एकटे असताना बरोबर चालणारा व्यवहार गर्दीत आणि लाइट गेल्यावरही बरोबरच राहील, हे बाकीच्या तिघी बघतात.

गवळीसर

'वाटलेली' हे मला पटत नाही. `CHECK` आणि `FOREIGN KEY` डेटाबेसच राखतो, ती त्याचीच हमी. बाकीचं प्रोग्रामचं, त्याला कन्सिस्टन्सी म्हणूच नये. पण प्रश्नपत्रिकेत मी बेरजेचं उदाहरण यापुढे जपून देईन.

कोडबहाद्दर

`CHECK` वरून आठवलं. काल रात्री मुद्दाम करून बघितलं, आणि माझी जरा विकेट गेली. मायएसक्यूएल, शिल्लक शून्याखाली नको असा `CHECK`. १०१ मध्ये १०००. आधी १०२ ला १५०० जमा केले, मग १०१ मधून १५०० कापायला गेलो. `CHECK` ने अडवलं, एरर आली. तरी `COMMIT` केलं, तर १५०० जमा राहिले! मला वाटायचं एरर आली की सगळं आपोआप मागे जातं.

हडपसरची_मैना

मायएसक्यूएल बहुतेक वेळा चुकलेली ओळ तेवढी मागे घेतं, व्यवहार चालूच राहतो. पोस्टग्रेसमध्ये एक ओळ चुकली की तो पुढचं काही ऐकतच नाही, `COMMIT` म्हटलं तरी उत्तरात `ROLLBACK` येतं. आणि मायएसक्यूएल ८.०.१६ च्या आधीचं असतं तर तुमचा `CHECK` त्याने वाचून सोडून दिला असता. तेव्हा एररही आली नसती.

कोडबहाद्दर

आमच्या कोडमध्ये एरर पकडून लॉग लिहितात आणि पुढे जातात. आज जाऊन किती ठिकाणी आहे ते शोधतो. एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही हे वाक्य तूर्त मागे.

चतकोर

अजून एक विचित्र झालं. मी १०१ मधून १०२ ला पाठवत होते आणि त्याच वेळी रूममेट १०२ मधून १०१ ला, दोघी माझ्याच डेटाबेसवर. दोघींचं पहिलं कापणं झालं, मग दोन्ही खिडक्या अडकल्या. सेकंदभराने एकीला `deadlock detected` आलं आणि दुसरीचं झालं.

पेठी_पुणेकर

बोळात समोरासमोर दोन स्कूटर. दोघंही मागे घेणार नाहीत. शेवटी वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडून एकाला मागे जायला लावतो.

रोजकीर्द

बरोबर, आणि पोस्टग्रेसमध्ये तो वरच्या मजल्यावरचा माणूस एक सेकंद थांबून मगच खिडकीत येतो. टाळायचं तर पैसे कुठून कुठेही जावोत, दोन्ही खात्यांना कुलूप लावताना लहान क्रमांक आधी, मोठा नंतर. मग दोघी एकाच बाजूने बोळात शिरता आणि एक मुकाट मागे थांबते.

सुलभाकाकू

आज २००० माझ्या खात्यात परत आले. भाचीला रोख देऊन आले, लोकलने. भरपाईचे १०० रुपये दिसत नाहीत, उद्या परत बँकेत जाते.

चतकोर

ओरल झाली. एक्स्टर्नलने चार हमी विचारल्या. मी गल्ल्याचं वाक्य सांगितलं आणि तीनशे रुपये कसे हवेतून येतात ते कागदावर मांडून दाखवलं. त्या बराच वेळ कागद बघत होत्या. मग म्हणाल्या, "बेरीज १५०० आली हे डेटाबेसला कधी कळेल?" मी म्हटलं, "कधीच नाही, रात्री कुणी ताडून पाहिलं तरच." पुढचा प्रश्न नॉर्मलायझेशनवर होता, त्यात मी आपटले.

मिसळसम्राट

नॉर्मलायझेशनवर नवा धागा काढ. मी मिसळ घेऊन येतो.